आजीचा ठरवलेला वाढदिवस कागदावर चढवता येईल का?

प्रश्न : आमची आजी वर्धा जिल्ह्यातली. शाळेत कधी गेली नाही, जन्मतारीख माहीत नाही. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली, असं माय सांगे," एवढंच ती म्हणते. २०२४ मध्ये तान्हा पोळा ३ सप्टेंबरला होता. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून तिचा पहिला वाढदिवस केला आणि ३ सप्टेंबर हीच तिची तारीख ठरवली. आधारवर ०१/०१/१९५४ आहे, त्यामुळे ७५ वर्षांवरच्यांचा एसटीचा मोफत प्रवास तिला मिळत नाही. जुन्या मतदार कार्डावर '१.१.१९९५ रोजी वय ४७' असं आहे. थोरल्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६६. आता एक जण पैसे घेऊन ३ सप्टेंबर १९४७ चा जन्मदाखला काढून देतो म्हणतो. त्यासाठीच्या प्रतिज्ञापत्रावर आजीने अंगठा द्यावा का?
– एक नात

उत्तर : नाही, त्या प्रतिज्ञापत्रावर आजीचा अंगठा घेऊ नका. वाढदिवस मात्र खुशाल करत राहा. घरच्यांनी एक दिवस ठरवून माणसाचं औक्षण करण्याला कोणताही कायदा आड येत नाही. अडचण सुरू होते ती तीच तारीख "माझा जन्म या दिवशी झाला" अशा शब्दांत शपथेवर लिहिली की.

आधी आजीचं वय पाहू, कारण तुमच्या हातातले कागद तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त बोलतात. १ जानेवारी १९९५ ला तिचं वय ४७ पूर्ण असेल, तर तिचा जन्म २ जानेवारी १९४७ ते १ जानेवारी १९४८ या काळातला. पोळा या मधल्या काळात एकदाच येतो, १९४७ मध्ये. आता आधारवरचं १९५४ घ्या. ते खरं मानलं तर १९६६ मध्ये काका झाले तेव्हा आजी १२ वर्षांची होती. १९४७ धरलं तर ती १८-१९ वर्षांची होते, आणि त्या पिढीत ते जुळतं. काकांची १ जून ही तारीखही बहुधा गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली असेल. त्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळेच. तरीही काकांच्या वर्षात एखाद-दुसऱ्या वर्षाची चूक धरली, तरी १९५४ टिकत नाही.

१९५४ आलं कुठून, तेही सांगतो. आधारची नोंदणी करताना जन्माचा कागद नसला की माणसाचं अंदाजे वय विचारतात, त्यावरून वर्ष काढतात आणि तारीख १ जानेवारी पडते. आजीच्या शेजारी उभं राहून कुणीतरी "साठेक असेल" म्हणालं असेल, तेवढ्यावर हे झालेलं असतं. म्हणून ०१/०१ दिसली की ती जन्मतारीख नसून अंदाज आहे, असं समजायचं. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आता तुमची ३ सप्टेंबर. श्रावण अमावास्येला पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तो तिथीने चालतो, तारखेने नाही. २०२३ मध्ये पोळा १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. दर वर्षी तो दहा-बारा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातो. १९४७ साली २०२३ सारखाच अधिक श्रावण होता, त्यामुळे पोळा सप्टेंबरच्या मध्यावर आला होता. म्हणजे आजीच्या मायचं बोलणं अक्षरशः खरं असलं, तरी आजी ३ सप्टेंबर १९४७ ला जन्मलेली नाही. तुम्ही ठरवलेली तारीख २०२४ च्या कॅलेंडरची आहे. तो माणूस जो दाखला देऊ करतो आहे, तो आजीच्या स्वतःच्या आठवणीलाच खोटं ठरवतो. कुणी जुनं पंचांग उघडलं की ही गफलत पाच मिनिटांत पकडेल.

जन्माची नोंद एक वर्षाहून उशिरा करायची तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १३(३) चा रस्ता आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, आणि माहिती खरी असल्याची खात्री करूनच द्यायचा असतो. महाराष्ट्रात २०२५ च्या सुरुवातीला अशा उशिराच्या दाखल्यांची चौकशी लागली आणि मार्चमध्ये कार्यपद्धती कडक झाली. पैसे देऊन काढलेला दाखला रद्द झाला, तर खोट्या माहितीचं प्रकरण आजीच्या नावावर उभं राहतं, कारण अंगठा तिचा असतो. दाखला काढून देणारा त्या कागदावर कुठेच नसतो. पुढे याच दाखल्यावर पासपोर्ट काढला, तर पासपोर्ट कायद्याचं कलम १२ वेगळं लागतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर आधी कोतवाल बुक पाहिलं असतं. तुमच्या भागात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा आणि ती जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. आजीचा जन्म झाला ते गाव आधी नक्की करा. बाळंतपण बहुधा बाईच्या माहेरी होत असे, म्हणून नुसतं आजीचं माहेर नव्हे, तर आजीच्या आईचं माहेरही विचारात घ्या. दोन्ही गावांसाठी, १९४६ ते १९४८ एवढ्या वर्षांच्या नोंदी मागणारा साधा अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या. त्यात आजीच्या वडिलांचं पूर्ण नाव, माहीत असेल तर तिच्या आजोबांचं नाव आणि जात लिहा.

नोंद सापडली तरी एक अडचण हमखास येते. त्या बुकात बाळाचं नाव बहुतेकदा नसतं. "अमुकला मुलगी झाली" एवढंच असतं, सोबत बापाचं नाव, जात आणि तारीख. एकाच बापाच्या दोन मुलींच्या नोंदी समोर आल्या, तर आपली आजी कोणती? इथे तिची तान्ह्या पोळ्याची आठवण खरोखर उपयोगी पडते. १९४७ च्या सप्टेंबरच्या मध्यावर मुलीची नोंद असेल, तर ती तिचीच असण्याची शक्यता मोठी. भावंडांचा क्रम आजीकडून आधीच लिहून घ्या : कोण थोरलं, कोण पाठचं, कोण लहानपणी गेलं. लहानपणी गेलेल्या भावंडांची नोंद नेमकी याच कामात घोळ घालते. काही पानं मोडीत असतात, त्यासाठी मोडी वाचणारा जाणकार लागेल. पान सापडलं की मोबाइलवरच्या फोटोवर थांबू नका, सही-शिक्क्याची नक्कल घ्या. मग तिच्या जोरावर कलम १३(३) खाली अर्ज करायला आधार मिळतो. सोबत गावच्या निबंधकाकडून, म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीकडून, त्यांच्या नोंदवहीत नोंद नसल्याचं अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावं लागेल.

आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून ती एक संधी अंदाजावर घालवू नका. नक्कल आणि त्यावरून निघालेला दाखला हातात आला, की मगच आधार केंद्रावर जा. तोवर एसटीचं काम मतदार कार्डावर होऊ शकतं. मोफत प्रवासाच्या या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत वयासाठी आधारखेरीज निवडणूक ओळखपत्रही दाखवता येतं. जुन्या कार्डावर जन्मतारीख नाही, १९९५ चं वय आहे, म्हणून वाहकाला तिथल्या तिथे हिशेब करावा लागतो. गर्दीच्या गाडीत तो टाळाटाळ करतो आणि आजी मुकाट्याने तिकीट काढते. हे टाळायला आधी आगाराच्या कार्यालयात जाऊन कार्ड दाखवा. ते जीर्ण झालं असेल तर नमुना ८ भरून नवं मागवा, पण जुनं टाकू नका. तुमच्याकडचा सर्वांत जुना, या सवलतीच्या आधी तयार झालेला वयाचा कागद तोच आहे, आणि म्हणूनच त्याला वजन आहे.

कोतवाल बुकात काहीच मिळालं नाही, तर तारीख नाही हे मान्य करून फक्त वर्षावर थांबा. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला मिळतो. या वयात हाडांवरून वर्ष नेमकं निघत नाही, त्यामुळे त्यात "अंदाजे" हा शब्द येणारच. तो खोडून घ्यायचा आग्रह धरू नका.

प्रतिज्ञापत्र करायची वेळ आलीच, तर मजकूर असा ठेवा : "माझी निश्चित जन्मतारीख मला माहीत नाही. माझा जन्म तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला, असे माझी आई मला सांगत असे. माझ्या मतदार ओळखपत्रावर १.१.१९९५ रोजी माझे वय ४७ नमूद आहे. यावरून माझा जन्म १९४७ मधील असल्याचे मी समजते." यातलं प्रत्येक वाक्य आजी उलटतपासणीतही तसंच सांगू शकेल. खाली "मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला" असा शेरा हवा आणि अंगठ्याशेजारी ओळख पटवणाऱ्याची सही हवी. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. पाचशेचा बाँड आणायला कुणी पिटाळलं, तर तसं लेखी मागा.

तुम्ही पुढचा वाढदिवस ३ सप्टेंबरला करणार की तान्ह्या पोळ्याला, हे घरचं ठरेल. मात्र केकवर, निमंत्रणावर किंवा घरच्या वहीत कुठेही ३ सप्टेंबरच्या पुढे १९४७ लिहू नका. असे घरगुती कागद वीस वर्षांनी वारसाच्या नाहीतर जमिनीच्या दाव्यात पुरावा म्हणून येतात. त्या वेळी ती तारीख कुणी आणि का ठरवली होती, हे सांगायला आजी नसेल.