भारतीय सीए, पुढे लंडन: एसीसीए की अमेरिकन सीपीए?

प्रश्न: कोल्हापुरात आर्टिकलशिप करून सीए झाले. आता लंडनला नोकरीसाठी जायचंय. एसीसीए करू की अमेरिकन सीपीए?

लंडनसाठी एसीसीए करा. सीए असल्याने 13 पैकी 9 पेपरांतून सूट मिळते, उरतात चार: स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर, स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग आणि चारपैकी कोणतेही दोन ऐच्छिक. सूट मिळालेल्या पेपरांचीही फी आकारली जाते, तेव्हा बजेट चार पेपरांचं धरू नका. परीक्षा मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये होतात. एका वेळी एकच पेपर दिलात तरी वर्षभरात उरकतं. सदस्यत्वाला 36 महिन्यांचा कामाचा अनुभव आणि नीतिमत्तेचं मॉड्यूलही लागतं. आधीचा योग्य अनुभव त्यात धरता येतो. सीपीएचा परवाना अमेरिकेतली राज्यं देतात आणि अभ्यासात अमेरिकन कर आणि अमेरिकन लेखामानकं असतात. लंडनच्या नोकरीत त्याचा उपयोग अमेरिकन कंपनीपुरताच.

एक मेख आहे. एसीसीए सदस्य झाल्यावर लगेच ब्रिटनमध्ये ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, त्याला वेगळी ऑडिट पात्रता लागते. तो विचार असेल तर ऐच्छिकांत ॲडव्हान्स्ड ऑडिट घ्या. ॲडव्हान्स्ड टॅक्स मात्र जपून, कारण खालच्या टॅक्स पेपरातून सूट मिळाली तरी तुमचा पाया आपल्या आयकर-जीएसटीचा, तिथे विचारतात ब्रिटिश कर. नुसती फायनान्समधली नोकरी हवी असेल तर ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट आणि ॲडव्हान्स्ड परफॉर्मन्स मॅनेजमेंट ही जोडी उपयोगी पडेल.