मुख्य समर्थक नोकरी सोडून गेला तर सौदा कसा टिकवावा?

प्रश्न: ग्राहक कंपनीतील एकच व्यवस्थापक आमच्या सॉफ्टवेअरसाठी आग्रही आहे. तो गेला तर सौदा बुडू नये म्हणून काय करावे?

उत्तर: तो पदावर असतानाच, त्याच्याच ओळखीने, उत्पादन, खरेदी आणि लेखा या विभागांतील किमान एकेका व्यक्तीशी स्वतंत्रपणे कामाचे संबंध जोडावेत. कारखान्यांना यंत्रदेखभालीचे सॉफ्टवेअर विकताना मी चाचणीपूर्वीच यंत्रे महिन्याला किती तास बंद राहतात याचा आकडा उत्पादनप्रमुखांकडून घेतो, त्यावरून काढलेला बचतीचा हिशेब लेखा विभागाकडून तपासून घेतो आणि चाचणी यशस्वी केव्हा मानायची, हे सर्वांना एकाच ईमेलमध्ये कळवतो. त्यामुळे नवा व्यवस्थापक आला, तरी तो हिशेब त्याला स्वतःच्याच सहकाऱ्यांकडून ऐकायला मिळतो. गेल्या महिन्याभरात त्या एका व्यवस्थापकाखेरीज कोणीही आपणहून फोन किंवा ईमेल केला नसेल, तर सौदा अजून एकाच खांबावर उभा आहे असे समजावे. मात्र त्याला अंधारात ठेवून परस्पर वरिष्ठांना गाठू नये. तो दुखावला, तर खरेदीचा प्रस्ताव पुढे सरकवणारा आतला माणूसच उरत नाही.