मास स्पेक्ट्रममध्ये रेणवीय आयन कसा ओळखायचा?

प्रश्न: ७० eV चा EI स्पेक्ट्रम आहे. सर्वात उंच शिखर 43, शिवाय 58, 71, 86 आणि अगदी बारीक 87. रेणुभार 87 धरू का? संयुग कोणतं?

उत्तर: 87 नाही, 86 धरा. 87 ची उंची 86 च्या साधारण साडेपाच टक्के असेल, तर ते कार्बन-13 मुळे आलेलं शिखर आहे. दर कार्बनमागे सुमारे 1.1 टक्का, म्हणजे पाच कार्बन. मात्र शिखर फार छोटं असेल तर या टक्केवारीवर विसंबू नका.

आता 86 वरून खाली या. 86 ते 71 म्हणजे 15 ची घट, मिथाइल गेला. ही घट शक्य आहे. 5 किंवा 10 ची दिसली असती, तर 86 हा रेणवीय आयन नाही असंच म्हणावं लागलं असतं. 86 ते 43 मध्ये C₃H₇ गेला आणि CH₃CO⁺ उरला.

खरी खूण 58 आहे. नायट्रोजन नसलेल्या रेणूचा बंध नुसता तुटला तर तुकडा विषम येतो. इथे सम आला, म्हणजे 28 चा अख्खा एथीन रेणू बाहेर पडला: मॅक्लाफर्टी पुनर्रचना. तिला कार्बोनिलपासून गॅमा कार्बनवर हायड्रोजन लागतो. 3-मिथाइल-2-ब्युटेनोनमध्ये तो नाही, म्हणून ते बाद. 3-पेंटेनोनमध्ये 57 ठळक असतं. राहिलं 2-पेंटेनोन.

अल्कोहोल असेल तर सावध राहा. तिथे रेणवीय आयन बऱ्याचदा दिसतच नाही, आणि पाणी गेलेलं M−18 हेच शेवटचं शिखर वाटतं.