बुटीबोरीतली पेटी कॅश आणि मिहानमधली ईआरपीची नोकरी

"मॅडम, बी.कॉम. झाल्यावर मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागले. सहा-सात महिन्यांपासून माझ्याकडे फक्त पेटी कॅश आणि कर्मचाऱ्यांच्या ॲडव्हान्सचं काम आहे. मला पुढे मिहानमध्ये ईआरपी फायनान्सची नोकरी करायची आहे. बाबा म्हणतात, चिल्लर मोजून ईआरपी येत नाही, नोकरी सोड आणि कोर्स लाव. काय करू?"
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

नोकरी सोडू नकोस. कोर्सही लगेच लावू नकोस. ईआरपी म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली. तिच्या फायनान्सच्या मुलाखतीत कोणत्या मेनूत काय आहे हे थोडं विचारतात. एखादा व्यवहार सुरू कुठे होतो, कोणत्या खात्यात अडकून राहतो आणि बंद कसा होतो, हे जास्त विचारतात. कर्मचाऱ्याची उचल, म्हणजे तू म्हणतेस तो ॲडव्हान्स, हा त्यासाठी अगदी नेमका व्यवहार आहे. मंजुरी, मर्यादा, बँक, कर, उघडी बाकी, परतावा, सगळं त्या एकाच कागदामागे येतं. आणि ते कागद तुझ्या टेबलावर रोज येतात. तर एक उचल घे आणि शेवटपर्यंत ने.

समजा, तुमचा सर्व्हिस इंजिनिअर तीन दिवसांसाठी भिलाईला मशीन दुरुस्तीला चालला आहे. तो १५,००० रुपयांची उचल मागतो. कंपनीचा नियम असा धरू, की १०,००० पर्यंत त्याचा मॅनेजर मंजूर करतो, त्यावर विभागप्रमुखाची सही लागते आणि मग अकाउंट्स पैसे सोडतं. पैसे बँकेतून गेले, की नोंद होते: कर्मचारी उचल खातं नावे १५,०००, बँक जमा १५,०००. इथे खर्च झालेला नाही, हे पक्कं लक्षात ठेव. अनेक छोट्या कंपन्यांत पैसे देतानाच 'प्रवास खर्च' टाकून मोकळे होतात. मग इंजिनिअरने हिशेब दिला काय आणि नाही दिला काय, पुस्तकात त्याच्याकडून काहीच येणं दिसत नाही. उचल ही येणं रक्कम आहे, खर्च नंतर येतो.

तो परत येऊन हिशेब देतो. रेल्वे तिकिटं १,४००. हॉटेल दोन रात्री ३,१५०. रोजचा भत्ता ५०० प्रमाणे १,५००. ऑटो-टॅक्सी १,८५०. शिवाय जाण्याआधी इथल्याच दुकानातून घेतलेले सुटे भाग ४,७२०. एकूण १२,६२० रुपये. टॅक्सीच्या ६०० रुपयांना ना पावती ना कारण, म्हणून मॅनेजर ते काढून टाकतो आणि मंजूर होतात १२,०२०. मागितलेली रक्कम आणि मंजूर रक्कम हे दोन वेगळे रकाने का असतात, ते इथे कळतं. इंजिनिअरने भरलेला आकडा खोडायचा नाही, त्याच्या शेजारी मंजूर आकडा लिहायचा. पुढे वाद झाला तर दोन्ही समोर असतात.

आता त्या हॉटेलच्या बिलाकडे जरा थांबून बघ. खोलीचे ३,००० आणि त्यावर १५० रुपये जीएसटी, म्हणजे ७५ केंद्राचा आणि ७५ छत्तीसगडचा. हॉटेलच्या सेवेचं ठिकाण हॉटेल जिथे उभं आहे तिथलं धरतात. तुमची कंपनी महाराष्ट्रात नोंदलेली, म्हणून बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असला तरी या १५० रुपयांचं क्रेडिट इथल्या नोंदणीवर मिळत नाही; ते खर्चातच जातात. सुट्या भागांचं बिल मात्र नागपूरचं. ४,००० माल आणि ७२० जीएसटी, वर कंपनीचा क्रमांक, त्यामुळे त्या ७२० चं क्रेडिट घेता येतं. दोन बिलांवर कर दिसतो सारखाच, वागणूक मात्र वेगळी. स्क्रीनवर कराचा रकाना भरणाऱ्याला हे माहीत नसेल, तर सिस्टीम त्याला अडवेलच असं नाही.

हिशेब मंजूर झाल्यावर नोंद येते: प्रवास खर्च नावे ७,३००, दुरुस्ती साहित्य नावे ४,०००, जीएसटी क्रेडिट नावे ७२०, आणि कर्मचारी देणं खातं जमा १२,०२०. त्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. हे देणं त्या उचलीशी जुळवायचं, म्हणजे देणं खातं नावे १२,०२० आणि उचल खातं जमा १२,०२०. उरलेले २,९८० रुपये इंजिनिअरने भरले, की बँक किंवा रोख नावे, उचल खातं जमा. बाकी शून्य. उचल बंद झाली.

जुळवायची पायरी राहून गेली तर काय होतं? उचल खात्यात १५,००० येणं तसंच उघडं राहतं आणि देणं खात्यात १२,०२० वेगळं उभं राहतं. दोन्हींची वजाबाकी बरोबर २,९८० येते, म्हणून कर्मचाऱ्याची एकूण बाकी बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. पण शुक्रवारी बँकेत पाठवायच्या रकमांची यादी निघते, तेव्हा सिस्टीम फक्त देणं बघते आणि इंजिनिअरच्या खात्यात १२,०२० रुपये दुसऱ्यांदा जातात. त्याने स्वतःहून सांगितलं नाही तर ते महिनोन् महिने कळत नाही. पकडायची खूण सोपी आहे: एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर एकाच वेळी उचलही उघडी आणि देणंही उघडं दिसलं, की तिथे थांबायचं. तुमच्या कंपनीत ही यादी पैसे पाठवण्याच्या आदल्या दिवशी निघते का, ते बघ. निघत नसेल तर ती काढायची सुरुवात तू कर. तुझ्या बायोडेटात लिहिण्यासारखं हे खरं काम आहे.

मर्यादांबद्दल बहुतेक लोक वरवर विचार करतात. मॅनेजरची मर्यादा १०,००० ठेवली की काम झालं, असं त्यांना वाटतं. पण कशाची मर्यादा? समजा, त्या इंजिनिअरची आधीची ६,००० ची उचल अजून उघडी आहे आणि आता तो ९,००० मागतो. सिस्टीम फक्त समोरच्या अर्जाची रक्कम तपासत असेल, तर ९,००० मॅनेजरच्याच सहीवर सुटतात आणि माणसाकडे कंपनीचे १५,००० बाहेर राहतात, विभागप्रमुखाला कळतही नाही. मर्यादा नव्या रकमेवर लावायची की नवी अधिक उघडी अशा बेरजेवर, हा निर्णय कुणीतरी सिस्टीम उभारताना घ्यावा लागतो. मिहानमध्ये तू ज्या खुर्चीवर बसायचं म्हणतेस, तिथल्या माणसाने ग्राहकाला विचारायचा हा प्रश्न आहे. तसाच दुसरा: मॅनेजरची स्वतःची उचल कोण मंजूर करणार? त्याच्यावरचा माणूस नेमलेला नसेल, तर काही ठिकाणी अर्ज फिरून त्याच्याकडेच येतो. आणि मंजूर करणारा सुट्टीवर असेल तर? ठरावीक मुदतीचा बदली मंजुरीदार नेमला नाही, तर लोक पासवर्ड वाटून घेतात आणि मग कोणी मंजूर केलं याला अर्थ राहत नाही.

आता तुझी पेटी कॅश. ठरावीक रकमेची पेटी ठेवतात, खर्च झालेल्या व्हाउचरांइतकी भर घालतात, म्हणजे रोख आणि व्हाउचर मिळून रक्कम कायम तीच यायला हवी. पेटी २०,००० ची धर. व्हाउचर १२,२०० ची, म्हणून ईआरपीत रोख ७,८०० दिसते. मोजायला घेतली तर निघते ६,३००. हरवले का १,५००? नाही, कुणीतरी 'संध्याकाळी देतो' म्हणून नेलेत आणि पेटीत कच्ची चिठ्ठी पडली आहे. जवळपास प्रत्येक पेटीत अशी चिठ्ठी असते, आणि खरं तर ती मंजुरीशिवाय दिलेली उचलच असते. ती उचल खात्यात घाल, त्या माणसाच्या नावावर, मंजुरीसह. भर मागताना चिठ्ठीची रक्कम त्यात धरू नकोस. भर फक्त १२,२०० ची.

दुसरी गोष्ट, फोडलेली बिलं. व्हाउचरची मर्यादा २,००० असेल, तर ३,८०० चं काम १,९०० च्या दोन व्हाउचरांत येतं. सिस्टीम प्रत्येक व्हाउचर एकटं बघते, दोन्ही सोडते. महिन्यातून एकदा व्हाउचर घेणाऱ्याच्या नावाने आणि तारखेने लावून बघ. एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन रकमा लगेच दिसतात. मोठ्या रकमांत तर हे फोडणं कामालाही येत नाही. एकाच व्यक्तीला एका दिवसात रोखीने दिलेल्या सगळ्या रकमांची बेरीज १०,००० वर गेली, तर आयकरात तो खर्च धंद्याच्या खर्चात धरत नाहीत. मालवाहतूकदाराच्या भाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना रोखीने भाडं देत असाल, तर हा फरक उपयोगी पडेल.

बाबांच्या कोर्सबद्दल सांगते. फीचे पैसे भरण्याआधी फुकटात होणारं करून घे. ERPNext ही फ्रॅपे या मुंबईच्या कंपनीची मुक्त स्रोत प्रणाली आहे, घरच्या संगणकावर बसवता येते. उचल आणि खर्चाचा भाग त्यांच्याच Frappe HR मध्ये आहे. तिथे वरचं भिलाईचं उदाहरण टाक. Employee Advance मध्ये १५,००० ची उचल आणि तिचं पेमेंट, मग Expense Claim मध्ये ती उचल जोडून हिशेब आणि शेवटी परतावा. परतावा नोंदवेपर्यंत उचलीची स्थिती Paid अशीच राहील. २,९८० परत आल्यावर ती Partly Claimed and Returned होईल. मध्ये मुद्दाम उचल न जोडता एक हिशेब मंजूर कर आणि दुसऱ्यांदा पैसे जाण्याचा धोका कसा तयार होतो, ते खातेवहीत स्वतः पाहा. मोठ्या कंपन्यांच्या एसएपीत रोखीचं रजिस्टर FBCJ या कोडवर उघडतं. तिथे नोंद जतन करणं वेगळं आणि पोस्ट करणं वेगळं. नुसती जतन केलेली नोंद खातेवहीत पोचत नाही. एवढं माहीत असलं तरी मुलाखतीत बोलणं पुढे सरकतं.

मिहानमधल्या सुरुवातीच्या जागांवर नवीन सिस्टीम उभारण्याचं काम थोडं असतं, ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं जास्त. 'उचल बंद होत नाही', 'अर्ज मंजुरीत अडकला', 'पैसे दोनदा गेले' अशाच त्या तक्रारी असतात. म्हणून येत्या काही महिन्यांत तुमच्याकडची सगळ्यात जुनी उघडी उचल निवड, ती का उघडी आहे हे शोध, बंद कर आणि दोन पानांत लिहून ठेव: पैसे कधी गेले, हिशेब कुठे अडला, कोणती नोंद राहिली होती, मर्यादा का पकडू शकली नाही. मग तुमच्या अकाउंट्स मॅनेजरकडे जा, ती पानं दाखव आणि पुरवठादारांच्या देण्यांचं काम माग. तिथे आगाऊ रक्कम आणि बिल जुळवणं याच पद्धतीने चालतं, फक्त रकमा मोठ्या असतात. ते हातात आलं, की कोर्सचा विचार आपण पुन्हा करू.