‘अनित्य’ म्हणताना आजी कुठे आहे?

“आजीच्या पुण्यानुमोदनाला घरच्यांनी मला बोलायला सांगितलंय. सगळं अनित्य आहे, हेच बोलावंसं वाटतं. पण तसं बोललो तर आत्याला वाटेल, याला काहीच दुःख नाही. आणि बोलता बोलता रडू आलं तर?”

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. विचारणारी बहुतेक नातवंडंच असतात, कारण मुलं-सुना दुःखाने गळून गेलेली असतात आणि ‘तू शिकलेला आहेस, तू बोल’ म्हणून कागद नातवाच्या हातात येतो.

नागपूरचा हा पस्तिशीतला मुलगा तीन पानं लिहूनच आला होता. मी ती त्याला मोठ्याने वाचायला लावली. आवाज एकदाही हलला नाही. पानांत ‘अनित्य’ अकरा वेळा होतं, ‘आजी’ दोनदा.

“यात आजी कुठे आहे?”

“आजीबद्दल काय सांगणार? साधी बाई होती.”

“घरात तिची कुठली वस्तू अजून जागची हलवलेली नाही?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फोटोवरचं फडकं.”

14 ऑक्टोबर 1956 ला आजी वीस वर्षांची होती. दीक्षेला जाताना नेसलेलं पांढरं लुगडं तिने पुढे कितीतरी वर्षं जपलं. विरलं तेव्हा नातवंडांची दुपटी शिवली. दुपटीही झिजली. उरला वीतभर तुकडा, काठाला हाताने टीप घातलेला. तो बाबासाहेबांच्या फोटोवर असायचा आणि आजी दर रविवारी तो स्वतः धुवायची. हे सांगतानाच त्याचा आवाज भरून आला. भाषण तिथेच सापडलं होतं. लुगड्याचं दुपटं झालं, दुपट्याचं फडकं झालं, हे ऐकणाऱ्याला अनित्यता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय ते समजावणं भन्तेजींच्या धम्मदेसनेत येतंच. नातवाने तेच पुन्हा सांगितलं तर लोक माना डोलावतात आणि आपल्या माणसाची वाट बघत बसतात.

दुसरी अडचण आत्याची होती. ‘अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली, सोनं झालं’ हे वाक्य त्याने शेवटी ठेवलं होतं. ते खरं आहे, पण ज्याने सेवा केली त्याला ते लागतं. आई आणि आत्या मिळून दोन वर्षं आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवत होत्या, रात्रीसुद्धा, म्हणून तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. ती सवय अंगात भिनलेल्या बाईला ‘सगळं अनित्य आहे, रडू नका’ म्हटलं की तिच्या हातांना आता काम उरलं नाही, एवढंच ऐकू येतं.

मी त्याला महापरिनिब्बान सुत्तातला, बुद्धांचा शिष्य आनंद आठवायला सांगितला. बुद्धांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा आनंद दाराशी टेकून रडत होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. प्रिय ते सगळं दुरावतं याची आठवण दिली, आणि लगेच म्हणाले की तू कायेने, वाचेने, मनाने माझी फार सेवा केलीस. ही दोन वाक्यं लागोपाठच यायला हवीत, असा माझा विश्वास आहे. पहिलं एकटं आलं तर थंड वाटतं. माणूस गेल्यावर नातं तोडायचं नसतं, त्याला दुसरी जागा द्यायची असते, आणि ती जागा अशा नावानिशी केलेल्या उल्लेखाने तयार होते, असं मी मानते.

“मग आत्याचं आणि आईचं नाव घेऊ?”

“नाव घे, आणि दोन तासांचा हिशोबही सांग. ‘खूप सेवा केली’ एवढ्यावर थांबू नकोस.”

नवं भाषण एका पानाचं झालं, साधारण साडेतीनशे शब्दांचं. दुःखात माणूस सावकाश बोलतो, म्हणजे ते चार मिनिटांचं. अक्षर मोठं, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, म्हणजे डोळे भरले तरी पुढची जागा सापडते. घरी ते उभं राहून तीनदा मोठ्याने वाचायला सांगितलं. मनात वाचून उपयोग नाही. गळा कुठे दाटतो हे आवाजालाच कळतं. त्याचा गळा तिन्ही वेळा ‘हाताने टीप घातलेला’ इथेच दाटला. त्या ओळीसमोर पेनाने रेघ मारली. तिथे थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, श्वास लांब सोडायचा, मगच पुढे. रडू दाबायला माणूस श्वास रोखून धरतो आणि त्यानेच घसा आणखी आवळतो. घोट गिळला की तो सैल होतो. तरीही जमलं नाही तर उरलेलं वाचायला चुलत बहिणीकडे दुसरी प्रत ठेवली होती.

ती लागली नाही. रेघेपाशी तो थांबला, पाणी प्यायला आणि पुढे वाचलं. पंगत बसायच्या आधी आत्याने ते फडकं मागून घेतलं आणि टीप कुठे उसवली आहे का ते बोटाने चाचपून पाहिलं.