दुकानदाराला तक्रारपत्र: मांडणी बरोबर, तरी गुण कमी

प्रश्न : मुलगी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात दहावीला आहे. सराव परीक्षेत ‘नवीन घेतलेली वस्तू सदोष निघाली, दुकानदाराला तक्रारपत्र लिहा’ असा प्रश्न होता. तिनं लिहिलं : “मी आपल्या दुकानातून एक मिक्सर घेतला होता. तो अतिशय खराब निघाला. त्यामुळे आम्हाला खूप त्रास सहन करावा लागला. तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती.” पत्ता, विषय, मायना सगळं बरोबर आहे. तरी निम्मे गुण गेले आणि शेरा मिळाला, ‘तक्रार स्पष्ट नाही’. म्हणजे नक्की काय लिहायला हवं होतं?

उत्तर :

ताई, शेरा योग्य आहे. तिच्या चार वाक्यांतला ‘मिक्सर’ शब्द काढून ‘पंखा’ घातला, ‘चप्पल’ घातली, तरी पत्र जसंच्या तसं चालेल. असं होतं तेव्हा तक्रार लिहिलीच गेलेली नसते, फक्त नाराजी लिहिलेली असते.

हे पत्र खडे बाजारातल्या एखाद्या दुकानात पोचलं असं धरा. गल्ल्यावरचा माणूस ते वाचेल आणि लगेच विचारेल : कुठला मिक्सर? कधी नेला? झालंय काय त्याला? तुमच्याकडून काही जास्त भरलं गेलं होतं का? आणि आता तुम्हाला पाहिजे काय, दुरुस्ती, बदली की पैसे? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पत्रात नाही. दुकानदाराला काही न विचारता पुढचं काम करता आलं, तर पत्र जमलं. तपासणाराही नेमकं हेच बघतो.

मुलांचं अडतं ते बिघाड सांगताना. वर्गात मी आधी तोंडी विचारते, “काय झालं सांग बघू.” पोरगी पटकन सांगते, “टीचर, मोठं भांडं खालून गळायलंय, कट्ट्यावर सगळं पाणी होतंय.” तक्रार इथं पूर्ण झालेली असते. कुठलं भांडं, कुठून, काय होतंय, सगळं आलं. पण तीच मुलगी वही उघडली की ‘अतिशय खराब निघाला’ असं लिहिते, कारण पत्राची भाषा म्हणजे मोठे मोठे शब्द अशी समजूत बसलेली असते. बोलण्यातला तपशील तसाच ठेवायचा आणि फक्त क्रियापदं लेखी भाषेत आणायची, ‘गळायलंय’चं ‘गळते’ करायचं, एवढंच काम आहे.

आपण तिचाच मिक्सर घेऊन पत्र पुरं करू. बिघाड असा धरू : मोठ्या भांड्यात पाणी घालून वाटण फिरवलं की तळाशी जिथं पातं बसवलेलं असतं तिथून पाणी झिरपतं आणि खाली मोटरच्या भागावर उतरतं. लहान भांडं ठीक आहे, मोटरही चालते. आता दुकानदार पहिली शंका घेणार ती वापरणाऱ्यावर. भांडं काठोकाठ भरलं असेल, तर पाणी झाकणातून उसळून बाहेर येतं आणि ओघळत खाली जातं. तो बिघाड नव्हे. म्हणून पत्रात असं एक वाक्य हवं, की भांडं निम्मं भरलं होतं, झाकण घट्ट होतं आणि न फिरवता नुसतं पाणी भरून ठेवलं तरी तळ ओला होतो. या एका वाक्यानं वाद संपतो. (मिक्सर मध्येच बंद पडण्याची तक्रार असेल तर तिथंही असंच करायचं. बऱ्याच मिक्सरना बुडाशी एक लाल बटण असतं. जास्त भार आला की ते सुटतं आणि मोटर थांबते. थोडा वेळ थंड होऊ देऊन ते दाबल्यावर मिक्सर चालू झाला तर तो दोष नाही. ते करूनही चालू झाला नाही, तर ते पत्रात लिहायचं.)

नमुना देते. परीक्षेत स्वतःचं नाव किंवा खऱ्या दुकानाचं, कंपनीचं नाव घालू नये, म्हणून अक्षरं ठेवली आहेत.

> अ. ब. क.
> मु. पो. खानापूर, जि. बेळगाव – ५९१३०२
> दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> य. र. ल. गृहोपयोगी वस्तू भांडार,
> खडे बाजार, बेळगाव.
>
> विषय : नवीन मिक्सरचे मोठे भांडे गळत असल्याबद्दल तक्रार.
>
> महोदय,
>
> दिनांक ३ नोव्हेंबर २०२५ रोजी मी आपल्या दुकानातून ‘क्ष’ कंपनीचा ७५० वॅटचा मिक्सर ३,४५० रुपयांस खरेदी केला. बिल क्रमांक ४१२ असा आहे.
>
> ९ नोव्हेंबर रोजी मोठे भांडे प्रथमच वापरले असता, त्याच्या तळातून, पाते बसवलेल्या जागेतून, पाणी गळून मोटरच्या भागावर उतरत असल्याचे दिसले. त्या वेळी भांडे निम्मेच भरलेले होते व झाकण घट्ट बसवलेले होते. भांड्यात नुसते पाणी भरून ठेवले तरी थोड्या वेळात तळ ओला होतो. लहान भांड्याबाबत अशी अडचण नाही. मोटरवर पाणी जात असल्याने विजेचा धोका लक्षात घेऊन आम्ही मिक्सरचा वापर थांबवला आहे.
>
> ११ नोव्हेंबर रोजी मी भांडे घेऊन आपल्या दुकानात आले होते. त्या वेळी कंपनीच्या सेवा केंद्राकडे जाण्यास सांगण्यात आले. परंतु हा दोष वापरामुळे निर्माण झालेला नसून वस्तूत मुळातच होता, असे वरील तपशिलावरून दिसून येईल.
>
> तरी हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांच्या आत मोठे भांडे बदलून द्यावे व मोटरची तपासणी करून द्यावी. त्याच प्रकारचे भांडे उपलब्ध नसल्यास मिक्सर परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> अ. ब. क.
>
> सोबत : बिलाची व वॉरंटी कार्डाची झेरॉक्स प्रत.

आता मागणीकडे बघा. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ हे वाक्य नगरपालिकेला लिहिताना खपून जातं, कारण तिथं काय करायचं ते त्यांच्या खात्यानं ठरवायचं असतं. दुकानदारापुढं मात्र मोजकेच पर्याय असतात. त्यातला तुम्हाला कुठला हवा, आणि तो जमला नाही तर दुसरा कुठला चालेल, हे तुम्हीच सांगायचं. मागणी दोषाच्या मापाची ठेवावी. भांडं गळत असताना पहिल्याच वाक्यात पूर्ण पैसे मागितले की पत्र आडमुठं वाटतं. आधी भांडं, ते नसेल तर पैसे, हा क्रम रास्त आहे. मुदतही घालावीच.

सूर सांभाळणं तिला थोडं शिकवावं लागेल. आपल्याकडं मुलं दोन टोकांना जातात. एक तर “आपण आम्हाला फसवले, निकृष्ट माल गळ्यात मारला” असा आरोप, नाही तर “आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी” असा शेवट. आज्ञाधारक ती मुख्याध्यापकांची. दुकानदार आणि ती बरोबरीच्या नात्यात आहेत, म्हणून ‘आपली विश्वासू’. आणि दुकानदारानं मुद्दाम खराब मिक्सर दिला हे आपल्याला माहीत नसतं, भांडं गळतं एवढंच माहीत असतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहावं. वरच्या पत्रात ‘सेवा केंद्राकडे जाण्यास सांगण्यात आले’ असं आहे, ‘तुमच्या नोकराने हाकलून दिले’ असं नाही. घडलेलं सांगितलं, पण कुणाला दोष दिला नाही. ‘द्या’, ‘करा’ ऐवजी ‘द्यावे’, ‘करावी’ वापरलं की मागणी ठाम राहते आणि अदबही सुटत नाही.

तारखांवर मी एवढा भर देते त्याला परीक्षेबाहेरचंही कारण आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. म्हणजे खरेदीची तारीख, दोष दिसल्याची तारीख आणि दुकानात गेल्याची तारीख या तिन्ही पत्रात असल्या की ३० दिवसांचा हिशेब कागदावर आपोआप उभा राहतो. खरंच असं पत्र पाठवायची वेळ आली तर मूळ बिल हातचं सोडू नका, झेरॉक्सच जोडा, आणि पत्र स्पीड पोस्टानं किंवा दुकानाच्या शिक्क्याची पोच घेऊन द्या. बेळगावात बिल पुष्कळदा कन्नड किंवा इंग्रजीत असतं. मॉडेल आणि बिल क्रमांक त्यावरून जसेच्या तसे उतरवा. दुकानदार कन्नड वाचणारा असेल तर हाच मजकूर कन्नडात करून द्या, हट्ट धरू नका, आपल्याला भांडं बदलून हवंय. वॉरंटी कार्डही नीट वाचा, कारण मोटरची मुदत आणि भांड्यांची मुदत बऱ्याचदा वेगवेगळी असते.

दुकानदारानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढं जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तिथं ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गाईडमध्ये अजून ‘ग्राहक मंच’ छापलेलं दिसतं, ते जुन्या कायद्यातलं नाव. पण हे सगळं पहिल्या पत्रात घालू नये. उत्तर द्यायची संधी देण्याआधीच धमकी दिली असं दिसतं. प्रश्नातच ‘दोनदा कळवूनही दाद मिळाली नाही’ असं असेल, तर शेवटी एकच वाक्य : “अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.”

मांडणीबद्दल थोडंच. कोल्हापूरकडची गाईडं आपल्या बाजारात सर्रास मिळतात, पण ती महाराष्ट्र मंडळाच्या कृतिपत्रिकेसाठी असतात. तिथं सगळं डावीकडं, ई-मेलसकट लिहायला शिकवतात. तुमची परीक्षा कर्नाटक मंडळाची. तारीख कुठं आणि पत्ता कुठं, हे तिच्या सरांनी सांगितलं तसंच ठेवा.

सरावाला तिला आता कुकर द्या. नवा कुकर, शिटी होत नाही, वाफ झाकणाच्या कडेनं जाते. पत्ता, मायना काही नको, फक्त बिघाडाचा परिच्छेद लिहून घ्या, चार-पाच वाक्यांचा. मग तुम्ही दुकानदार व्हा आणि विचारा : रबर नीट बसवलं होतं का? दुसरं रबर घालून पाहिलं का? वाफ सगळीकडून जाते की एकाच बाजूनं? ज्या प्रश्नाचं उत्तर तिला तोंडी द्यावं लागेल, ते वाक्य परिच्छेदात कमी आहे. ते घालून झालं की परिच्छेद इथं टाका, मी बघते.