गुप्त प्रश्नावलीतली एक ओळ, आणि तुमच्यावरची जबाबदारी

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून काल ‘मनःस्वास्थ्य प्रश्नावली’ भरून घेतली. नाव लिहू नका, उत्तरं गुप्त राहतील असं सांगितलं होतं. वर्ग, तुकडी आणि जन्मतारीख मात्र विचारली होती. पालकांना ग्रुपवर ‘हरकत असल्यास दोन दिवसांत कळवा’ एवढाच मेसेज गेला होता. आज कागद चाळताना दिसलं, की एका मुलीने ‘मरून जावं असं वाटतं’ यासमोर ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली आहे. शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिलंय, ‘मामा राहायला आले की मला घरी जायचं नसतं. प्लीज कोणाला सांगू नका.’ जन्मतारखेवरून ती कोण हे मला कळलं. एका सहकाऱ्याने त्या पानाचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांची लेखी संमती नव्हती, शिवाय गुप्ततेचा शब्द दिला होता. आधी आईला बोलावू, मग बघू. माझी जबाबदारी काय? — एक वर्गशिक्षिका

उत्तर : बाई, आज शाळा सुटायच्या आत त्या मुलीशी एका जबाबदार माणसाने एकटीशी बोलायला हवं. शाळेला समुपदेशक असतील तर त्यांनी, नसतील तर तिचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शिक्षिकेने, म्हणजे बहुधा तुम्हीच. संमतीच्या घोळाकडे मी नंतर येतो. तो खरा आहे, पण प्रश्न विचारायला परवानगी होती की नव्हती ही एक गोष्ट, आणि जिवाला धोका दिसल्यावर हालचाल करणं ही दुसरी. पहिलीत चूक झाली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

त्या पानावर दोन वेगळे धोके आहेत आणि दोघांना वेगवेगळे कायदे लागतात. ते एकत्र कालवले की गोंधळ होतो, आणि तुमच्या मुख्याध्यापकांचा तोच झालाय.

आधी मामांची ओळ. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो, त्याचं कलम १९ सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती आहे, त्या कोणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. ‘कोणीही’ हा शब्द नीट वाचा. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं, माझं काम संपलं’ असं या कलमाखाली म्हणता येत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट, सद्भावनेने कळवलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. या कळवण्याला पालकांची परवानगी लागत नाही, आणि मुलीचीही नाही.

आता अवघड भाग. ‘मला घरी जायचं नसतं’ या एका ओळीवर लगेच पोलीस ठाणं गाठायचं का? माझ्या मते एवढ्या ओळीत अजून ‘माहीत’ काही नाही. मामा दारू पिऊन आरडाओरडा करत असतील, मारत असतील, तिची खोली त्यांना द्यावी लागत असेल. पण ती ओळ आणि ‘जवळजवळ रोज’ ही खूण एकाच पानावर आहेत. तेव्हा विचारल्याशिवाय गप्प बसण्याची मुभा तुम्हाला राहिलेली नाही.

विचारायचं कसं, यावर पुढचं सगळं उभं राहतं. बंद खोली, दाराच्या काचेतून बाहेरून दिसेल अशी बसण्याची जागा, आणि एकच माणूस. सुरुवातीलाच सांगा : ‘तू लिहिलेलं मी वाचलं. तू कोण हे मला कळलं, ते कळायला नको होतं, ती आमची चूक. पण कोणी तुला त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला मदत घ्यावी लागेल. ते मी तुझ्यापासून लपवून करणार नाही.’ मग ‘मामा आले की काय होतं, सांगशील?’ आणि पुढे फक्त ‘मग?’ ‘अजून काही?’ एवढंच. ‘त्यांनी तुला हात लावला का?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. एका खटल्यात मी पाहिलंय, शिक्षिकेने कळकळीने तोच प्रश्न चार वेळा चार तऱ्हांनी विचारला होता, आणि बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत ‘हे मुलीच्या तोंडी घातलं गेलं’ एवढ्यावरच दोन तास काढले. शाळेने तपास करायचा नाही. तिचे शब्द जसेच्या तसे, तिच्याच भाषेत लिहा, खाली तारीख, वेळ आणि तुमची सही. तिच्याकडून पुन्हा लिहून घेऊ नका, दुसऱ्या कोणासमोर तेच वदवून घेऊ नका.

तिने लैंगिक स्पर्शाचं, काही दाखवल्याचं किंवा करायला लावल्याचं काहीही सांगितलं, तर तपशील अपुरा असला तरी त्याच दिवशी पोलिसांना कळवा. कलमात तासांचा हिशेब दिलेला नाही, म्हणून काही शाळा ‘समितीची बैठक झाल्यावर’ कळवतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात असा गुन्हा तातडीने कळवण्याचं महत्त्व ठासून सांगितलं आहे. तिथे न कळवणाऱ्या डॉक्टरांविरुद्धचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. अर्ज साधा असू दे : अमुक दिवशी प्रश्नावलीत हे लिहिलेलं आढळलं, अमुक वाजता बोलणं झालं, मुलीचे शब्द हे. पोलिसांना या माहितीला नोंद क्रमांक द्यावा लागतो, ती लेखी घेऊन वाचून दाखवावी लागते. तो क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. पुढे मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना, घरी किंवा मुलीला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. हे तिला आधी सांगितलं, तर पोलीस या शब्दाची भीती थोडी कमी होते.

म्हणूनच ‘आधी आईला बोलावू’ हा क्रम मला मान्य नाही. मामा म्हणजे आईचा भाऊ. आई मुलीच्या बाजूने ठाम उभी राहील, नाही असं नाही. मी अशा आया पाहिल्या आहेत. पण तिला काही ठाऊक नसताना शाळेत बोलावून त्या ओळीचा कागद पुढे ठेवलात, तर संध्याकाळपर्यंत घरात काय होईल ते आपल्या हातात राहत नाही, आणि उद्या मुलगी ‘मी गंमत म्हणून लिहिलं’ म्हणेल. संशयित व्यक्ती त्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी २४ तासांत मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं, आणि ती कुठे सुरक्षित राहील हे समितीने ठरवायचं असतं. मुलीला एक साधा प्रश्न जरूर विचारा : मामा आज घरी आहेत का?

आता दुसरा धोका, मरणाच्या विचारांचा. इथे आईला सांगायचंच आहे, आणि आजच. बोलताना मुलीला सरळ विचारा : कसं करायचं याचा विचार केला आहेस का, आधी कधी काही केलं होतंस का, आज घरी जाताना तसं वाटतंय का. असं विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही; बहुतेक मुलांना कोणीतरी विचारल्याचा सुटकारा वाटतो. साधन आणि वेळ दोन्ही ठरलेलं असेल, तर तिला एकटी सोडू नका, एकटी घरी पाठवू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाच्या हाती सोपवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तुम्ही स्वतः फोन करून पुढे काय करायचं हे विचारू शकता. आईला सांगताना एवढंच पुरे : ‘तिच्या मनात मरणाचे विचार येतायत, आम्हाला काळजी वाटते, डॉक्टरांना आजच दाखवू या.’ मामांची ओळ या संभाषणात येता कामा नये.

शाळेत एकदा बोलायला पालकांची परवानगी लागत नाही. नियमित समुपदेशन आणि औषधोपचार यांना मात्र अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्या, लेखी. आई-वडील ‘आमच्या घरात असलं काही नाही’ म्हणून नकार देत राहिले आणि धोका कायम दिसत असेल, तर तो नकार तारखेसह नोंदवा आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या १०९८ वर किंवा बालकल्याण समितीला कळवा. मामा मारतात एवढंच निघालं, लैंगिक काही नाही, तरी वाट हीच. त्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे.

समुपदेशक ‘मला गुप्तता पाळावी लागते’ म्हणून आडवे आले, तर त्यांना सांगा की अशिलाशी झालेल्या बोलण्याबद्दल वकिलाला जे संरक्षण आहे, ते शाळेच्या समुपदेशकाला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधली गुप्ततासुद्धा जिवाला धोका असेल तिथे थांबते.

मुख्याध्यापकांच्या हरकतीत तथ्य एवढंच, की मौन म्हणजे संमती नव्हे. ग्रुपवर टाकलेला मेसेज किती पालकांनी वाचला हे कोणालाच सांगता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. कायदा डिजिटल माहितीचा आहे, म्हणून कागद कपाटात आहेत तोवर तो दूर. उत्तरं संगणकात भरली, की ती मुदत संपल्यावर लागू. तुमच्या प्रश्नावलीचं खरं दुखणं दुसरं आहे. चाळीस मुलांच्या तुकडीत जन्मतारीख विचारली, म्हणजे नावच विचारलं. पुढच्या वेळी एकतर जन्मतारीख काढा, नाहीतर निनावीपणाचा शब्द देऊ नका. आणि मरणाच्या विचारांबद्दल विचारणार असाल, तर उत्तर त्याच दिवशी कोण वाचणार हे ठरल्याशिवाय कागद वाटू नका. दुसऱ्या दिवशी ‘चाळताना’ दिसणं हे तुमचं दैव चांगलं म्हणून झालं.

राहिला तो फोटो. सगळ्यांना तो फोनमधून काढायला सांगा, आणि कोणी कोणी पाहिला याची नावं लिहून ठेवा. मूळ पान फाडू नका, त्यावर काही खरडू नका. बंद पाकिटात, पाकिटावर सही-तारीख, मुख्याध्यापकांच्या कुलपात. पोलिसांनी मागितलं तर पोच घेऊन द्या. बाकीच्या मुलांचे कागद त्यात घालू नका.

मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र आजच द्या : मी काय पाहिलं, किती वाजता सांगितलं, आणि मी मुलीशी बोलणार आहे. पोच मागा. पोच देणार नसतील, तर शाळेच्या ईमेलवर पाठवा. तुमच्या नावावर एक तारीख असावी, एवढ्यासाठी.